‘रमेशने’मधला ‘ने’ कुठून आला?

शाळेतून दप्तर घरी आलं आहे आणि त्यात डबा नाही. आई स्वयंपाकघरातून विचारते, “डबा कोण विसरलं?” धाकटी बहीण उत्तर देते, “रमेश.” दुसऱ्या दिवशी डबा दप्तरात आहे, पण भाजीचं तेल सगळ्या वह्यांना लागलेलं. आई विचारते, “डबा कोणी सांडला?” बहीण पुन्हा एका शब्दात उत्तर देते, पण आता ती म्हणते, “रमेशने.”

मुलगा तोच, डबा तोच. दोन्ही वेळा उत्तर एकाच शब्दाचं आहे. मग पहिल्या दिवशी नसलेला ‘ने’ दुसऱ्या दिवशी कुठून आला? बहिणीला व्याकरणाचा तास आठवत नसतो, तरी तिची कधी चूक होत नाही. पहिल्या प्रश्नाला “रमेशने” आणि दुसऱ्याला “रमेश” असं उत्तर दिलं, तर घरातल्या कुणालाही ते खटकेल.

कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही. ‘सांडणे’ हे सकर्मक क्रियापद भूतकाळात असलं की कर्त्याला ‘ने’ लागतो: रमेशने डबा सांडला. ‘विसरणे’ मात्र मराठीतल्या एका छोट्या हट्टी गटातलं आहे. विसरणे, शिकणे यांना कर्म असतं, तरी भूतकाळात त्यांचा कर्ता ‘ने’ घेत नाही: रमेश डबा विसरला, सीमा गाणं शिकली. हा फरक अर्थातून येत नाही. ज्याच्याकडून ती गोष्ट घडली तो दोन्हीकडे रमेशच आहे. फरक फक्त क्रियापदाच्या स्वभावात आहे, आणि तो एकेका शब्दासोबत शिकावा लागतो.

गंमत अशी की बहिणीच्या उत्तरात क्रियापद नाहीच. ती ‘सांडला’ म्हणाली नाही आणि ‘विसरला’ही म्हणाली नाही. तरीही न उच्चारलेल्या क्रियापदाने उच्चारलेल्या नामाला प्रत्यय लावला, किंवा लावू दिला नाही. भाषाशास्त्रज्ञ गेली पन्नासहून अधिक वर्षं ज्या प्रश्नावर भांडत आहेत तो नेमका हा आहे: वाक्यातला जो भाग गाळला जातो, तो खरोखर नसतो, की असतो पण ऐकू येत नाही?

गाळण्याच्या या क्रियेला मराठी व्याकरणात लोप किंवा अध्याहार म्हणतात. इंग्रजी भाषाशास्त्रात तिचं नाव एलिप्सिस, आणि तिचे बरेच पोटप्रकार आहेत. त्यांतल्या दोन प्रकारांना आज रूढ असलेली नावं दिली ती जॉन रॉबर्ट रॉस या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने. नोम चॉम्स्की यांच्या हाताखाली १९६७ साली एमआयटीत प्रबंध पूर्ण केलेल्या रॉस यांना भाषेतल्या चमत्कारिक जागा हुडकून काढण्याचा आणि त्यांना तितकीच चमत्कारिक नावं ठेवण्याचा छंद होता. ‘स्लूसिंग’ आणि ‘गॅपिंग’ ही नावं त्या छंदातून आली.

स्लूसिंग म्हणजे प्रश्नार्थक शब्द तेवढा ठेवायचा आणि बाकीचा प्रश्न गाळायचा. “कोणीतरी बेल वाजवली, पण कोणी ते कळलं नाही.” इथे ‘कोणी’नंतरचं ‘बेल वाजवली’ गाळलं आहे. १९६९ सालच्या आपल्या लेखात रॉस यांनी जर्मन भाषेतला एक पुरावा मांडला. जर्मनमध्ये ‘खुशामत करणे’ या अर्थाचं ‘श्माइखेल्न’ हे क्रियापद आपल्या कर्माला चतुर्थी लावतं, तर ‘स्तुती करणे’ या अर्थाचं ‘लोबेन’ द्वितीया लावतं. “त्याला कोणाची तरी खुशामत करायची आहे, पण कोणाची ते ठाऊक नाही” असं जर्मनमध्ये म्हणताना शेवटी उरलेला एकटा प्रश्नशब्द चतुर्थीतला ‘वेम’ असावा लागतो. खुशामतीऐवजी स्तुती असली की तिथे द्वितीयेतला ‘वेन’ येतो. क्रियापद गाळलं, तरी त्याची विभक्ती मागे उरली.

मराठीत हाच पुरावा आणखी चोख मिळतो. ही दोन वाक्यं पाहा. “कोणीतरी डबा सांडला, पण कोणी ते कळलं नाही.” “कोणीतरी डबा विसरलं, पण कोण ते कळलं नाही.” पहिल्या अर्ध्या भागात दोन्हीकडे ‘कोणीतरी’ हाच शब्द आहे. त्याच्या रूपावरून तो साधा कर्ता आहे की प्रत्यय लागलेला कर्ता आहे, हे कळत नाही, कारण दोन्ही रूपं सारखीच दिसतात. दुसऱ्या भागात मात्र फरक उघड होतो: एकीकडे ‘कोणी’, दुसरीकडे ‘कोण’. उरलेल्या शब्दाने आपलं रूप आधीच्या ‘कोणीतरी’कडून उसनं घेतलं असं म्हणायची सोय इथे नाही, कारण तिथे फरकच नव्हता. तो फरक आणू शकेल असं एकच ठिकाण उरतं, आणि ते म्हणजे गाळलेलं क्रियापद.

गॅपिंगचा मामला थोडा वेगळा. त्यात दोन वाक्यं ‘आणि’ने जोडलेली असतात आणि सारखं असलेलं क्रियापद एकदाच म्हटलं जातं. हॉटेलात चौघांची ऑर्डर सांगताना, क्रिकेटचा धावफलक वाचताना, लग्नात कुणाला काय आहेर केला हे सांगताना मराठी माणूस गॅपिंगवरच जगतो. “रमेशने चहा घेतला आणि सीमाने कॉफी.” या साध्या वाक्याकडे जरा थांबून पाहण्यासारखं आहे.

पहिली गोष्ट, ‘सीमाने’मधला ‘ने’. वाक्य वर्तमानकाळात नेलं की तो गळून पडतो: “रमेश चहा घेतो आणि सीमा कॉफी.” दोन्ही वाक्यांत सीमाच्या बाजूला क्रियापद नाही. तरी गाळलेलं क्रियापद भूतकाळातलं की वर्तमानकाळातलं यावर सीमाचं रूप ठरतं. “रमेशने चहा घेतला आणि सीमा कॉफी” असं कुणी म्हणालं, तर ऐकणारा पुढच्या शब्दाची वाट पाहत बसेल.

दुसरी गोष्ट त्याहून रंजक आहे. सीमाच्या बाजूला गाळलेलं क्रियापद कोणतं? ‘घेतला’ असं कुणी म्हणेल, कारण ऐकू आलं ते तेच. पण कॉफी स्त्रीलिंगी आहे. पूर्ण वाक्य केलं तर “सीमाने कॉफी घेतली” असं होतं. म्हणजे जे गाळलं ते जे ऐकू आलं त्याची हुबेहूब प्रत नाही. वर्तमानकाळात ‘घेतो’च्या जोडीला ‘घेते’ गाळलं जातं. दुसऱ्या पुरुषात तर हे आणखी स्पष्ट होतं. “मी चहा घेतला आणि तू कॉफी” यात गाळलेलं रूप ‘घेतलीस’ आहे. शेवटचा ‘स’ आधीच्या भागात कुठेच नव्हता. त्यामुळे गाळलेला भाग म्हणजे मागच्या आवाजाचा प्रतिध्वनी, ही कल्पना टिकत नाही. सारखं असावं लागतं ते धातूपुरतं आणि काळापुरतं. लिंग, वचन आणि पुरुष यांचा हिशेब त्या शांत जागेत नव्याने होतो.

तिसरी गोष्ट शब्दक्रमाची. १९७० सालच्या लेखात रॉस यांनी असं मांडलं की गाळलेलं क्रियापद पुढच्या वाक्यातलं असेल की मागच्या, हे त्या भाषेच्या मूळ शब्दक्रमाशी बांधलेलं असतं. इंग्रजीत क्रियापद मध्ये येतं आणि तिथे पुढच्या वाक्यातलं गाळलं जातं. जपानीत क्रियापद शेवटी येतं आणि तिथे आधीच्या वाक्यातलं गाळलं जातं. मराठीचाही कल क्रियापद शेवटी ठेवण्याकडे आहे, पण ती शब्द हलवू देते, आणि म्हणूनच ती दोन्ही दारं उघडी ठेवते. “रमेशने चहा आणि सीमाने कॉफी घेतली” हेही वाक्य चालतं. फक्त आता उच्चारलेलं क्रियापद जवळच्या कॉफीशी जुळतं. चहाची बाजू क्रियापदाविना राहते, आणि तिथे गाळलेलं ‘घेतला’ कुठेच ऐकू येत नाही. “रमेशने चहा आणि सीमाने कॉफी घेतला” असं कुणी म्हणत नाही.

आता मर्यादा. “रमेशने चहा घेतला, कारण सीमाने कॉफी.” अर्थ लावायला काही अडचण नाही, सगळी माहिती समोर आहे, तरी वाक्य लंगडतं. ‘आणि’, ‘पण’, ‘किंवा’ यांनी जोडलेल्या बरोबरीच्या वाक्यांतच गॅपिंग चालतं. ‘कारण’मागे येणारं वाक्य आधीच्या वाक्याच्या पोटात असतं, आणि तिथे क्रियापद गाळू दिलं जात नाही. गाळणं म्हणजे केवळ समजूतदार श्रोत्यावर सोपवलेलं काम असतं, तर हे वाक्यही चालायला हवं होतं. श्रोत्याला समजतं, तरी त्याला पटत नाही.

तिसरा प्रकार इंग्रजीचा लाडका आहे आणि मराठीत तो त्या रूपात नाही. “जॉन कॅन स्विम अँड मेरी कॅन टू” या वाक्यात ‘कॅन’ हे सहायक क्रियापद ठेवून पोहण्याचा सगळा भाग गाळला आहे. याला व्हर्ब फ्रेज एलिप्सिस म्हणतात. मराठीत क्रियापदबंधाचा लोप म्हणता येईल. हे शब्दशः मराठीत आणलं तर “रमेश पोहू शकतो आणि सीमापण शकते” असं काहीतरी होतं, आणि ते कुणीच बोलत नाही. ‘शकणे’ला आपलं ‘पोहू’ सोडून एकटं उभं राहता येत नाही. मराठी माणूस “सीमापण पोहू शकते” असं पुन्हा म्हणतो, किंवा थेट “सीमापण” म्हणून सगळंच गाळून मोकळा होतो. इंग्रजी शिकणाऱ्या मराठी मुलांना ‘डू’, ‘डिड’, ‘कॅन’ यांची ही उधारी वर्षानुवर्षं जड जाते. “डिड यू ईट?” ला “येस, आय एट” असं उत्तर देण्यामागे हेच आहे: मराठीत “जेवलास का?” याला “हो, जेवलो” असं पुरं क्रियापदच परत करायचं असतं.

पण ‘सीमापण’ या छोट्या तुकड्यातही एक पुरावा लपलेला आहे. “रमेशने आपल्या आईला फोन केला आणि सुरेशनेपण.” सुरेशने कोणाच्या आईला फोन केला? बहुतेकांच्या मनात सुरेशची स्वतःची आई येते. मागच्या वाक्यातली घटना जशीच्या तशी उचलली असती, तर सुरेशनेही रमेशच्याच आईला फोन केला असता, कारण पहिल्या वाक्यात फोन गेला तो त्याच बाईंना. त्याऐवजी ‘आपल्या’ हा शब्द शांतपणे दुसऱ्या वाक्यात येऊन बसतो आणि आपला मालक नव्याने शोधतो: तिथे कर्ता सुरेश, म्हणून आई सुरेशची. इंग्रजीत ‘आपला’ आणि ‘त्याचा’ असा वेगळा शब्द नसल्यामुळे “जॉन कॉल्ड हिज मदर अँड बिल डिड टू” या वाक्याचे दोन्ही अर्थ होतात. तिथल्या अभ्यासकांनी या दुहेरीपणावर पानंच्या पानं लिहिली आहेत.

इथे एक शंका रास्त आहे. ऐकणारा हे सगळं संदर्भावरून समजून घेत असेल, तर लपलेल्या वाक्यरचनेची गरज काय? १९७६ साली जॉर्ज हँकमर आणि आयव्हन सॅग यांनी या शंकेची कसोटी काढली, आणि तीही नाटकी प्रसंग रचून. एक जण नऊ इंची चेंडू सहा इंची कड्यातून घुसवायची खटपट करतो आहे. पाहणाऱ्याने “तुला ते जमेल असं वाटत नाही” म्हटलं, तर ठीक. पण तेच इंग्रजीत क्रियापदबंध गाळून, ‘यू विल बी एबल टू’ एवढ्यावरच सोडलं, तर वाक्य अधांतरी लटकतं. घडतंय काय हे डोळ्यांसमोर स्पष्ट असतं, पण कुणी तोंडाने काही बोललेलं नसतं. ‘ते’सारख्या सर्वनामाला डोळ्यांना दिसलेलं पुरतं. लोपाला मात्र आधी बोललेलं वाक्य लागतं. या कसोटीला अपवाद सापडले आहेत आणि त्यांवर वादही झाले आहेत. पण मूळ निरीक्षण कुणालाही घरी तपासून पाहता येतं.

हा वाद विसाव्या शतकात अमेरिकेत जन्मला असं मात्र समजू नये. मीमांसकांनी त्यावर फार पूर्वीच रणं माजवली होती. कुणी नुसतं ‘द्वारम्’, म्हणजे ‘दार’, एवढंच म्हणालं आणि ऐकणाऱ्याने दार लावलं, तर त्याच्या मनात ‘पिधेहि’ म्हणजे ‘लाव’ हा शब्द भरला गेला, की नुसता लावण्याचा अर्थ? कुमारिल भट्टांचे अनुयायी शब्दाच्या बाजूचे, तर प्रभाकरांचे अनुयायी अर्थाच्या बाजूचे. आता ‘द्वारम्’ हे उदाहरण या वादात फारसं कामाचं नाही. तो शब्द नपुंसकलिंगी आहे, आणि त्याची प्रथमा आणि द्वितीया सारखीच दिसते. प्रत्ययाची साक्ष काढायला गेलं तर हाती काही लागत नाही.

सतराव्या शतकातल्या विश्वनाथ पंचाननांनी ‘न्यायसिद्धान्तमुक्तावली’त नेमकं नेम धरून दुसरं उदाहरण घेतलं: ‘पुष्पेभ्यः’. फुलांना चतुर्थी. एकटाच शब्द. इथे ‘स्पृहयति’, म्हणजे ‘आस धरतो’, हे क्रियापद अध्याहृत आहे. ‘स्पृह्’ धातू असला की ज्याची इच्छा त्याला चतुर्थी लागते, असं पाणिनीचं एक वेगळं सूत्रच आहे. इच्छेचा नुसता अर्थ मनात आणून ही चतुर्थी सिद्ध होत नाही, कारण इच्छा सांगणारं दुसरं क्रियापद असेल तर तिथे द्वितीया येऊ शकते. ठरावीक शब्द अध्याहृत मानल्याशिवाय विभक्ती उभी राहत नाही, म्हणून शब्दच भरला जातो असं मानणं भाग आहे, असा विश्वनाथांचा युक्तिवाद. रॉस यांचा जर्मन खुशामतीचा युक्तिवाद याच सांध्यावर उभा आहे. डबा विसरणारा आणि सांडणारा रमेशही त्याच रांगेतला.

अर्थात, दुसरी बाजूही अजून हरलेली नाही. पीटर कलिकव्हर आणि रे जॅकेंडॉफ यांनी २००५ साली असं मांडलं की उरलेला तुकडा आधीच्या वाक्यातल्या क्रियापदाकडे थेट पाहून आपली विभक्ती घेऊ शकतो. मध्ये एक न ऐकू येणारं वाक्य कल्पायची गरज नाही. त्यांच्या हातातलं मोठं हत्यार रॉस यांनीच १९६९ साली पुरवलं होतं. इंग्रजीत प्रश्नशब्द वाक्याच्या सुरुवातीला ओढून आणावा लागतो, आणि काही बंदिस्त उपवाक्यांतून तो बाहेर येऊ शकत नाही. “अमुक एक भाषा बोलणारा माणूस त्यांना हवा आहे, पण कोणती ते आठवत नाही” हे इंग्रजीत गाळून म्हटलं तर बिनबोभाट चालतं. गाळलेला भाग पुन्हा भरून म्हटलं, की तेच वाक्य कोसळतं. लपलेलं वाक्य खरंच तिथे असेल, तर त्याच्यातला दोषही तिथे असायला हवा. तो कुठे जातो? जेसन मर्चंट यांच्यासारख्या संशोधकांनी याची उत्तरं दिली आहेत, पण ती सगळ्यांना पटलेली नाहीत. मराठीची या भांडणात मदत होत नाही, कारण मराठीत प्रश्नशब्द आपल्या जागीच बसतो. “त्यांना कोणती भाषा बोलणारा माणूस हवा आहे?” हे मुळातच सरळ वाक्य आहे.

मराठीत आणखीही एक खाचखळगा आहे. “कोणीतरी डबा सांडला, पण कोण ते कळलं नाही” असं म्हणणारेही भेटतात. मग ‘सांडणे’चा ‘ने’ कुठे गेला? इथे गाळलेलं वाक्य बहुधा वेगळंच आहे: ‘तो कोण होता’. ‘सांडला’ तिथे नाहीच, म्हणून प्रत्ययही नाही. जपानीसारख्या भाषांबद्दलही अशी शंका घेतली जाते, की तिथलं स्लूसिंग म्हणजे खरं तर ‘तो कोण होता’ छापाचं छोटं वाक्य आहे. मराठीत ही शंका निदान तपासता येते. ‘कोणी ते’ आलं तर ‘सांडला’ लपलेलं आहे, आणि ‘कोण ते’ आलं तर ‘होता’.

ही सगळी तपासणी जिथे कामी येत नाही, अशी एक जागा मराठीने राखून ठेवली आहे. ‘मी’ आणि ‘तू’ यांना प्रमाण मराठीत हा ‘ने’ दिसतच नाही: मी डबा विसरलो, मी डबा सांडला. म्हणून रमेशने खाली मान घालून स्वतःच कबुली दिली, तर डबा कोण विसरलं आणि डबा कोणी सांडला या दोन्ही प्रश्नांना त्याचं उत्तर एकच असतं: “मी.”